पिवळा ट्रे रिकामा का होतो

आमच्या क्वालिटीच्या सरांचं बोलणं शंभरातल्या नव्वद वेळा बरोबर असायचं, आणि अडचण तिथूनच सुरू व्हायची. चुकीचं बोलणाऱ्याला गप्प करणं सोपं असतं. बरोबर बोलणारा माणूस चारचौघांत दुसऱ्याचं तोंड बंद करतो, तेव्हा त्याला नेमकं काय म्हणायचं हे चटकन सुचत नाही.

मी भोसरीच्या एमआयडीसीत एका मध्यम आकाराच्या कारखान्यात प्रॉडक्शन सांभाळत होते. सीएनसी लेथवर शाफ्ट बनायचे, पुढे ते गिअरबॉक्स बनवणाऱ्यांकडे जायचे. रोज सकाळी पहिली शिफ्ट लागली की बोर्डासमोर उभ्याउभ्या मीटिंग व्हायची. कालचं उत्पादन, रिजेक्शन, कुठलं मशीन बंद पडलं आणि आजचा प्लॅन, एवढंच. सर बोर्डाच्या उजव्या बाजूला उभे राहायचे. कुणी ‘कॅलिब्रेशन’ शब्द अडखळत उच्चारला की ते तो नीट उच्चारून दाखवायचे. बोर्डावरचं स्पेलिंग बोटाने पुसून दुरुस्त करायचे. सेटरने आकडा सांगितला की ड्रॉइंगचं रिव्हिजन कुठलं हे आधी विचारायचे, आणि ते सांगता आलं नाही तर ‘म्हणजे ड्रॉइंग न बघताच काम चाललंय’ असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणायचे. डिस्पॅचच्या मुलापासून माझ्यापर्यंत कुणीच यातून सुटलं नव्हतं. एकदा कस्टमरचे लोक आलेले असताना त्यांनी माझं वाक्य मध्येच तोडून दुरुस्त केलं होतं. दुरुस्ती बरोबर होती.

‘बरोबरच सांगतात ना, मग वाईट काय वाटून घ्यायचं?’ असं मालकांसकट बरेच जण म्हणायचे. हा प्रश्न मी टाळला नाही, कारण त्यात तथ्य आहे. जिथे मापातली सगळी मोकळीक एका केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते, तिथे ढिसाळ बोलण्याला जागा नसते. पण लोकांना वाईट वाटतं एवढाच तोटा असता, तर मी तो सोडून दिला असता. खरा तोटा दुसरीकडे होत होता. तो मला माणसांच्या चेहऱ्यावर दिसण्याआधी एका ट्रेमध्ये दिसला.

प्रत्येक मशीनशेजारी आमच्याकडे तीन ट्रे असत. मापात बसलेले जॉब हिरव्यात, बाद झालेले लाल ट्रेमध्ये, आणि ज्याच्याबद्दल ऑपरेटरला शंका आहे तो पिवळ्यात. हिरवा आणि लाल ट्रे मापाने ठरतात. पिवळा ट्रे मात्र माणसाच्या मनाने भरतो. माप बसलंय पण सरफेस नेहमीसारखा वाटत नाही, मशीनचा आवाज जरा बदललाय, कालपेक्षा चिप वेगळी तुटतेय, अशा कारणांनी तिथे जॉब पडतो. त्यात पडलेले बहुतेक जॉब शेवटी चांगलेच निघतात. तरीही तो ट्रे भरलेला असणं ही माझ्या दृष्टीने चांगली खूण होती. ऑपरेटर डोळे उघडे ठेवून काम करतोय आणि डोळ्याला दिसलेलं सांगतोय, हे त्यावरून कळायचं.

आता त्या प्रसंगाकडे येते. आमच्या एका शाफ्टवर बेअरिंग बसण्याची जागा होती, पंचवीस मिलिमीटर व्यास, टॉलरन्स h7. म्हणजे व्यास 25.000 पेक्षा मोठा नको आणि 24.979 पेक्षा लहान नको. सगळी मिळून 21 मायक्रॉनची खिडकी. यातलं एक गणित ऑपरेटरच्या अंगवळणी पडलेलं असतं: इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, जसजसा झिजतो तसतसा व्यास वाढत जातो. म्हणून नवीन इन्सर्ट लावला की अनुभवी माणूस साइज मुद्दाम खालच्या बाजूला ठेवून सुरुवात करतो, म्हणजे वर चढायला जागा राहते आणि मशीनला सारखा ऑफसेट देऊन साइज जुळवावं लागत नाही. यात काही गैर नाही. फक्त खालच्या टोकाला सुरुवात केली की चार-पाच मायक्रॉनची चूकही महाग पडते. मोठा राहिलेला व्यास पुन्हा कापता येतो. लहान झालेला वाढवता येत नाही.

दोन नंबरच्या मशीनवर ज्यांना सगळे मामा म्हणायचे ते ऑपरेटर होते. बोलायला भिडस्त, पण हात फार तयार. एका सकाळी मीटिंगमध्ये त्यांनी होऊन तोंड उघडलं. ‘मॅडम, दोन नंबरला इन्सर्ट बदलल्यावर साइज जरा हलतंय असं वाटतं. इथं मोजलं की एक, आणि...’

‘वाटतं म्हणजे?’ सरांनी तिथेच तोडलं. ‘आकडा सांगा. आणि तुम्ही मायक्रोमीटर मुठीत धरून मोजता, मी परवा बघितलंय. हाताच्या उबेने फ्रेम पसरते, रीडिंग बदलणारच. आधी मोजायला शिका, मग साइज हलतंय का ते बघू.’

मायक्रोमीटरबद्दल त्यांनी सांगितलं ते शंभर टक्के खरं आहे. हाताने फ्रेम गरम झाली की तोंड किंचित उघडतं आणि माप खऱ्यापेक्षा कमी दिसतं. म्हणूनच चांगल्या मायक्रोमीटरच्या फ्रेमवर प्लास्टिकच्या पट्ट्या लावलेल्या असतात. मामा मुठीत धरायचे हेही खरं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि मामांचं ‘इथं मोजलं की एक, आणि’ याच्या पुढचं वाक्य हवेत राहिलं. मीटिंगनंतर मी मशीनवर जाऊन विचारलं तर ते म्हणाले, ‘काही नाही मॅडम, सर म्हणतात तसंच असेल.’ मी पुन्हा विचारून पाहिलं. पुन्हा तेच उत्तर.

त्यानंतरच्या दिवसांत पिवळा ट्रे ओसरत गेला. आधी दोन नंबरचा, मग शेजारच्या मशीनचा, मग रात्रपाळीतला. कुणी ठरवून केलं नव्हतं. ज्या माणसाला सगळ्यांनी मान दिला, त्याचं काय झालं हे सगळ्यांनी पाहिलं होतं. शंका पिवळ्या ट्रेमध्ये टाकली की ती सरांपुढे जाणार, सर आकडा मागणार, आकडा नसला की सकाळी बोर्डासमोर नाव निघणार. त्यापेक्षा माप बसतंय ना, टाक हिरव्यात. कागदावर आमचे आकडे सुधारले. शंकास्पद जॉब कमी झाले, म्हणून मालक खूश. मला मात्र ते सुधारलेले आकडे पटत नव्हते, कारण मशीन तीच, मटेरियल तेच, माणसं तीच, आणि शंका मात्र अचानक नाहीशी झालेली. खऱ्या कारखान्यात असं होत नाही.

बाकीच्या खुणाही हळूहळू जाणवायला लागल्या. मीटिंग लवकर संपायला लागली. पूर्वी बोर्डासमोर विचारले जाणारे प्रश्न आता चहाच्या वेळी, मशीनच्या आडोशाला, ‘मॅडम, जरा बाजूला या’ म्हणून यायला लागले. सर इन्स्पेक्शन रूममध्ये गेले की मग माणसं एकमेकांना विचारत. नवीन आलेली आयटीआयची मुलं सगळ्यात जास्त गप्प, खरं तर त्यांनी सगळ्यात जास्त विचारायला हवं. एखाद्या टीमचं वातावरण कसं आहे हे मला कुणी विचारलं, तर तिथे किती हसणं-खिदळणं चालतं हे मी बघत नाही. अर्धवट, पुरावा नसलेली शंका तिथे किती मोठ्या आवाजात बोलता येते, ते बघते.

मग कस्टमरकडून तक्रार आली. असेंब्लीवर काही शाफ्टची बेअरिंग सीट सैल लागत होती. मोजलं तर व्यास खालच्या मर्यादेच्या दोन-तीन मायक्रॉन खाली. आमची माणसं तिकडे गेली, त्यांच्याकडचा आणि आमच्याकडचा सगळा माल एकेक करून मोजला, बाद बाजूला काढला. आणि आठ टप्प्यांचा तो 8D रिपोर्ट भरायला बसलो.

हा फॉर्म भरणाऱ्यांना माहीत असतं की मूळ कारणाच्या टप्प्यावर दोन वेगळे प्रश्न असतात. दोष झाला का, हा एक. आणि झालेला दोष आपल्याच हातून सुटून बाहेर गेला कसा, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर सगळ्यांचं लक्ष असतं, कारण तिथे मशीन, टूल, मटेरियल असं काहीतरी हाताला लागतं. दुसऱ्यावर बहुतेक जण ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष, समज दिली’ असं लिहून मोकळे होतात. आमच्याही पहिल्या मसुद्यात तेच होतं. मी ते खोडलं. ऑपरेटरने कळवलं नाही, असं लिहायचं असेल तर त्याने का कळवलं नाही, हा पुढचा प्रश्न विचारावाच लागतो. आणि इथे तर त्याने कळवलं होतं. चारचौघांसमोर, भर मीटिंगमध्ये, माल जाण्याआधी.

हे सरांशी बोलायलाच हवं होतं. कसं बोलायचं याचा मी बराच विचार केला, कारण अशा माणसाशी बोलण्याच्या ज्या पद्धती सर्रास वापरल्या जातात त्या निरुपयोगी असतात असं माझं मत आहे. ‘सगळ्यांनी एकमेकांचा मान ठेवा’ असं मीटिंगमध्ये मोघम सांगितलं, तर ज्याला सांगायचं असतं त्याला ते लागू होत नाही असं वाटतं, आणि बाकीचे उगाच शरमतात. ‘तुम्ही फार उद्धट बोलता’ असं म्हटलं, तर वाद त्या विशेषणावर होतो. तुमचा स्वभाव असा आहे, असं म्हटलं तर संपलंच. स्वभावावर कुणीच काही करू शकत नाही, हे त्यालाही सोयीचं असतं. आणि त्यांनी मामांना तोडलं तसंच त्यांना मीटिंगमध्ये तोडलं असतं, तर मीही तेच केलं असतं ज्याची मला तक्रार होती.

शिफ्ट सुटल्यावर मी इन्स्पेक्शन रूममध्ये गेले. फक्त आम्ही दोघंच होतो. बरोबर पिवळ्या ट्रेचं रजिस्टर नेलं होतं. मी म्हटलं, ‘सर, तुम्हाला आकडे लागतात म्हणून आकडेच आणलेत.’ त्या सकाळच्या आधीची पानं दाखवली, नंतरची दाखवली. मग तो प्रसंग जसा घडला तसा, एकही विशेषण न लावता सांगितला: मामा काय म्हणत होते, कुठल्या शब्दावर त्यांचं बोलणं थांबलं, तुम्ही काय म्हणालात, मी नंतर विचारलं तेव्हा ते काय म्हणाले. आणि मग एकच प्रश्न विचारला, ‘त्यांचं वाक्य पूर्ण झालं असतं, तर आपल्याला काय कळलं असतं?’

ते बराच वेळ रजिस्टर चाळत होते. मग जे बोलले ते मला आधी नीट कळलेलं नव्हतं. ‘मॅडम, माल बाहेर गेला की तुमची सही कुठे नसते. इन्स्पेक्शन रिपोर्टवर माझी असते. मी एक गोष्ट सोडली आणि ती गेली, तर फोन मला येतो.’ त्यांचं म्हणणं रास्त होतं. क्वालिटीच्या माणसाला शंभर चुका पकडल्याबद्दल कुणी शाबासकी देत नाही, आणि एक सुटली तर कुणी सोडत नाही. असा माणूस दिसेल ती चूक दिसेल तिथे पकडायला लागतो. त्यात मिरवण्याची हौस नव्हतीच असं मी म्हणणार नाही. होती. पण तिच्या खाली भीती होती, आणि भीतीशी बोलता येतं.

म्हणून मी त्यांना कमी बोला असं म्हटलं नाही. कुठली चूक कुठे बोलायची, हे दोघांनी मिळून ठरवू या, म्हटलं. आम्ही कागद घेऊन वाटणी केली. कुणाच्या हातापायाला धोका असेल, किंवा चुकीचा माल या घडीला गाडीत चढत असेल, तर त्यांनी जिथे असतील तिथून ओरडून थांबवायचं. तेव्हा मान-अपमान बघायचा नाही आणि त्यावर कुणी त्यांच्याशी वाद घालणार नाही, याची हमी माझी. काम करण्याच्या पद्धतीत चूक असेल, जसं मायक्रोमीटर मुठीत धरणं, तर ती त्याच दिवशी, पण मशीनवर, त्या माणसाच्या शेजारी उभं राहून दाखवायची. बोर्डासमोर नाही. उच्चार, स्पेलिंग, रिव्हिजन नंबर विसरणं अशा गोष्टींमुळे त्या दिवशी एकही जॉब बिघडणार नसेल, तर त्या मीटिंगमध्ये काढायच्याच नाहीत. बोर्ड दुरुस्त करायचा असेल तर सगळे पांगल्यावर करावा. या तिसऱ्या गोष्टीवर ते सगळ्यात जास्त अडले. ‘चुकीचं लिहिलेलं तसंच ठेवायचं?’ मी म्हटलं, पंधरा मिनिटं ठेवायचं.

शेवटी एक वाक्य ठरलं. त्यांना राहवलं नाही आणि ते मीटिंगमध्ये सुरू झाले, तर मी ‘सर, हे मशीनवर बघू’ एवढंच म्हणायचं आणि त्यांनी तिथे थांबायचं. बाकीच्यांना ते कामाचंच बोलणं वाटावं. त्यांना सगळ्यांसमोर गप्प केल्यासारखं दिसू नये, याची काळजी मला घ्यायची होती.

मीटिंगमध्येही थोडा बदल केला. आधी ऑपरेटर बोलणार, मग सेटर, मग मी, आणि क्वालिटी सगळ्यात शेवटी. यामागे मोठं तत्त्वज्ञान नाही. सगळ्यात जास्त माहिती असलेला माणूस आधी बोलला की बाकीच्यांना त्याच्याविरुद्ध बोलावं लागतं, आणि ते कुणी करत नाही. कुणी शंका काढली की ती जशीच्या तशी, त्याच्याच शब्दांत बोर्डावर लिहायची, तिथे चर्चा करायची नाही. शिफ्ट संपायच्या आत कुणीतरी त्या मशीनवर जाऊन त्याला उत्तर द्यायचं. उत्तर ‘काही नाही, नॉर्मल आहे’ असलं तरी चालेल, पण ते त्याच्यापर्यंत पोचलं पाहिजे. ‘वाटतं’ म्हणायला परवानगी आहे, हे मी मुद्दाम स्पष्ट सांगितलं. आकडा काढणं हे आमचं, म्हणजे माझं आणि क्वालिटीचं काम. ऑपरेटरने फक्त बोट दाखवायचं.

सर लगेच बदलले नाहीत. पहिल्या काही दिवसांत मला ते वाक्य पुष्कळदा म्हणावं लागलं. एकदा त्यांचा मुद्दा इतका महत्त्वाचा होता की तो तिथेच घ्यायला हवा होता. तेव्हा मी म्हटलं, ‘सरांचा मुद्दा बरोबर आहे, लिहून घेतला. आता दादा, तुमचं पूर्ण करा.’ मुद्दा घ्यायचा आणि बोलायची पाळी ज्याची होती त्याला परत द्यायची, या दोन्ही गोष्टी एका श्वासात कराव्या लागतात. फक्त मुद्दा घेतला तर बोलणारा माणूस बुडतो, आणि फक्त पाळी परत दिली तर सरांना वाटतं की बरोबर असूनही आपल्याला डावललं.

या काळात दुसऱ्या बाजूनेही एक गोष्ट घडली. तिच्याबद्दल लोक सहसा बोलत नाहीत, पण ती मला जास्त घातक वाटते. दोन-तीन पोरांनी सरांना पकडायचं ठरवलं. मुद्दाम चुकीचा टॅग लावलेला जॉब इन्स्पेक्शनला पाठवला, सरांनी टॅगवर विश्वास ठेवून शेरा मारला, आणि मग शॉपवर हशा पिकला. सर त्या दिवशी जेवायलाही कॅन्टीनमध्ये आले नाहीत. मी त्या मुलांना एकेकट्याला बोलावून सांगितलं की टॅगशी खेळणं म्हणजे थेट घरी जाणं. आणि हेही सांगितलं की तुम्हाला बोर्डासमोर जसं वाटलं, तसंच आज त्यांना वाटलंय. सगळ्यांच्या चुका काढणारा माणूस स्वतः चुकला की त्याला सोडायचं नाही, असा अलिखित नियम टीममध्ये तयार होतो. तो मोडला नाही तर असा माणूस कधीच स्वतःची चूक कबूल करू शकत नाही, आणि मग तो आणखी आवाज चढवतो. वातावरण सांभाळायचं तर त्यालाही सांभाळावं लागतं.

दोष का झाला, हा प्रश्न अजून उभाच होता. त्यासाठी सरांनीच मापनाचा अभ्यास सुचवला. आमच्या क्षेत्रात याची ठरलेली रीत आहे: दहा जॉब, तीन माणसं, प्रत्येकाने प्रत्येक जॉब तीनदा मोजायचा, जॉबचा नंबर आणि आधीचं रीडिंग मोजणाऱ्याला दिसू द्यायचं नाही. अशी नव्वद रीडिंग मिळतात, आणि त्यातून मोजण्यातला फरक टॉलरन्सच्या किती टक्के आहे ते निघतं. दहाच्या आत असेल तर उत्तम, तीसच्या वर गेला तर त्या मोजण्यावर भरवसा ठेवायचा नाही, मधला असेल तर काम बघून ठरवायचं. मोजणारे तिघं म्हणजे मामा, एक नवीन मुलगा, आणि तिसरे स्वतः सर. हे मी सुचवलं आणि ते कुरकुर न करता तयार झाले, याचं मला बरं वाटलं. आपलं मोजणंही त्याच तक्त्यात येऊ देणं, त्यांच्यासारख्या माणसाला सोपं नसतं.

मायक्रोमीटर नीट धरून, रॅचेट वापरून, आधी झिरो तपासून मोजल्यावर तिघांच्या हातात फारसा फरक नव्हता. म्हणजे हात हे कारण नव्हतं. तेव्हा मामांनी त्यांचं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. त्या दिवशी त्यांना सांगायचं होतं, ‘इथं मोजलं की एक, आणि तासाभराने मोजलं की दुसरं.’ आम्ही तेच करून पाहिलं. दोन नंबरवरून निघालेला जॉब लगेच मोजला, मग इन्स्पेक्शन रूममधल्या सरफेस प्लेटवर थंड होऊ दिला आणि परत मोजला. तिघांच्याही हातात चार-पाच मायक्रॉनचा फरक, एकाच दिशेने. एक नंबरवर हा फरक जवळजवळ नव्हता.

पुढचं गणित सरांनी बोर्डावर मांडलं. स्टील दर अंशाला दर मीटरला साधारण साडेअकरा मायक्रॉन पसरतं. पंचवीस मिलिमीटरच्या व्यासाला पंधरा अंशांचा फरक म्हणजे चार मायक्रॉनपेक्षा थोडा जास्त. मापं जगभर वीस अंश सेल्सिअसला धरतात. दोन नंबरचा कूलंट पंप कमजोर झाला होता, धार नीट पडत नव्हती, त्यामुळे जॉब जास्त गरम बाहेर यायचा. गरम असताना 24.982 दाखवणारा जॉब थंड झाल्यावर 24.978 किंवा त्याखाली जायचा. नवीन इन्सर्ट लावल्यावर साइज खालच्या बाजूने सुरू होतं, म्हणून नेमके तेव्हाचेच जॉब बाद जायचे. इन्सर्ट जरा झिजला की पुन्हा सगळं मापात. ‘इन्सर्ट बदलल्यावर साइज हलतंय’ हे मामांचं निरीक्षण शब्दशः खरं होतं. पंप बदलला, आणि मशीनशेजारी एक लोखंडी प्लेट ठेवून पहिले जॉब तिच्यावर निवल्याशिवाय मोजायचे नाहीत असं ठरलं. बोर्डावर त्या गणिताच्या वर सरांनी लिहिलं, ‘निरीक्षण: मशीन नं. 2 चे मामा.’ मी सुचवलं नव्हतं.

हे सगळीकडे लागू पडेल असं मी म्हणत नाही. आमच्या सरांना माल चांगला जावा असं मनापासून वाटायचं, म्हणून रजिस्टर दाखवून त्यांच्याशी बोलता आलं. काही माणसं चुका काढतात त्या निवडक लोकांच्याच: कंत्राटी कामगारांच्या, बायकांच्या, एखाद्याच्या बोलीवरून किंवा आडनावावरून. तिथे चूक हे निमित्त असतं, आणि ते चहावर बोलून मिटवायचं प्रकरण नव्हे. ते लेखी, वरच्यांकडे जायला हवं. कुणाच्या दुरुस्त्या कशात मोडतात हे ओळखायला मी एकच गोष्ट बघत आले आहे. तो साहेबाची चूकही तितक्याच ठणक्यात काढतो का? आमचे सर मालकांनाही सोडत नव्हते.

एक काम मात्र मी पंप बदलायच्या आधीच केलं होतं. मालकांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं होतं की येत्या महिन्यात शंकास्पद जॉबचा आकडा वाढलेला दिसेल, आणि तो वाढला तर कुणाला फैलावर घेऊ नका. एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधिकेने 1990 च्या दशकात हॉस्पिटलमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला होता. जिथली टीम चांगली तिथे चुका कमी, असं निघेल अशी तिची अपेक्षा. निघालं उलटं: चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त. पुढे तिच्या लक्षात आलं की तिथे चुका जास्त होत होत्या असं नव्हे, तर तिथली माणसं त्या बोलून दाखवायला घाबरत नव्हती. मी हे मालकांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, ‘मग खरंच जास्त चुका व्हायला लागल्या, तर मला ते वेगळं कसं कळणार?’ प्रश्न अगदी बरोबर होता, आणि नुसत्या पिवळ्या ट्रेच्या आकड्यावरून त्याचं उत्तर देता येत नव्हतं.

तो प्रश्न मी सरांकडे नेला. त्यांनी महिन्याच्या तक्त्यात रिजेक्शनच्या एका रकान्याचे तीन केले: ऑपरेटरने स्वतःहून दाखवलेले, आमच्या इन्स्पेक्शनमध्ये सापडलेले, आणि कस्टमरकडे सापडलेले. पहिला वाढतोय आणि शेवटचे दोन कमी होताहेत, तर माणसं बोलायला लागली आहेत. तिन्ही वाढताहेत, तर मशीनकडे बघायला हवं. पहिला शून्य आणि शेवटचा वाढतोय, तर मीटिंगमध्ये काय चाललंय ते बघायला हवं. हे शेवटचं त्यांनी आपणहून लिहिलं, आणि तक्ता मालकांच्या टेबलावर ठेवायच्या आधी माझ्याकडे पाठवून विचारलं की यात काही चुकलंय का.